बचत गटात पावसाळ्यातल्या शिजवलेल्या अन्नावर बोलायचंय – भाषणाचा खर्डा, सूचना हव्यात

कातळावरची

मंडळी, आमच्या वाडीतल्या बचत गटांची एकत्र बैठक पुढच्या आठवड्यात आहे आणि "पावसात अन्न कसं टिकवायचं" यावर पंधरा मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. राजापूर तालुका. निम्म्या घरांत फ्रिज नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पाऊस लागला की वीज नाही. लावणी अर्धी झालीय. सगळ्याजणी चिखलातून थेट येणार, म्हणजे लांबलचक ऐकायला कुणाला वेळ नाही.

खर्डा असा केलाय :

"बायांनो, पावसात हवा दमट असते, म्हणून अन्न लवकर खराब होतं. अन्न नेहमी झाकून ठेवा. सकाळी खाण्याआधी रात्रीचं अन्न चांगलं उकळून घ्या. वास आला, तार सुटली, तर गुरांना घाला. हात धुवा. पाणी उकळून प्या."

वाचून बघितलं तर मलाच झोप येते. यातलं प्रत्येक वाक्य त्यांनी शंभरदा ऐकलंय. काय घालू, काय काढू?

बंदरकर

उत्तम खर्डा. जास्त काही घालू नका. मुख्य मुद्दा एकच, उकळणं. जंतू उकळीला मरतातच. आमच्याकडे आदल्या रात्रीची आमटी सकाळी खदखदून उकळून खायची पद्धत होती, कुणी आजारी पडलेलं आठवत नाही. भातालाही सणसणीत फोडणी दिली की झालं. आणि वास हा सगळ्यात चांगला मीटर. बाईच्या नाकाला फसवणारं अन्न अजून जन्माला आलेलं नाही.

उन्हाळी_कामं

छान धागा. माझे पोह्याचे पापड या वर्षी डब्यातच मऊ पडलेत आणि कडेला हिरवट ठिपके दिसतायत. उन्हात टाकायला ऊन नाही. तव्यावर गरम करून ठेवले तर चालतील का? लोणच्यावरही पांढरा थर आलाय.

परीक्षानळी

कातळावरची ताई, खर्ड्यात दोन वाक्यं अशी आहेत की त्यांच्या भरवशावर कुणी आजारी पडू शकेल, म्हणून सविस्तर लिहितो. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे, तेवढीच माझी पात्रता.

बंदरकर आमटीबद्दल बरोबर आहेत, भाताबद्दल नाहीत. दोन्हीतला फरक हाच तुमच्या भाषणाचा गाभा व्हावा असं मला वाटतं.

भाताच्या दाण्यावर शेतातल्या मातीतूनच एका जंतूची बीजं आलेली असतात. बॅसिलस सेरेयस त्याचं नाव, भाषणात घ्यायची गरज नाही. ही बीजं भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट झाला की ती उगवतात, वाढतात, आणि वाढताना त्यांतल्या काही जाती एक विष सोडतात. सकाळी तुम्ही फोडणी दिली की जंतू मरतात, विष तसंच राहतं. कुकरच्या शिट्ट्या काढल्या तरी राहतं. असा भात खाल्ला की अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात. लंडनमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी खाणावळींतल्या फ्राइड राइसमुळे हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं. तिथेही तेच घडत होतं, रात्रीचा भात बाहेर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचा.

उसळ, आमटी, मटण यांच्यातला नेहमीचा गुन्हेगार वेगळा. तोही शिजताना बीज बनून वाचतो आणि मोठ्या टोपात रस्सा सावकाश निवत असताना वाढतो. त्याला आवडणारी ऊब म्हणजे ४३ ते ४७ अंश. तिथे तो दहा मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत एकाचे चार हजार. पण तो जिवंत पोटात गेल्यावरच त्रास देतो, त्यामुळे खाण्याआधी खदखदून उकळी काढली तर बहुतेक वेळा निभावतं. बंदरकरांच्या घरची आमटी याच कारणाने पचली.

आणि नाक. अन्न आंबवणारे जंतू वास देतात. आजारी पाडणारे बहुतेक वेळा देत नाहीत. भाताला सकाळी काहीही वास नसतो, तो मोकळा आणि छान दिसतो.

@उन्हाळी_कामं, हा धागा शिजवलेल्या ओल्या अन्नाचा आहे. हिरवे ठिपके आलेले पापड मात्र तव्यावर भाजून वाचवू नका, टाका.

कातळावरची

परीक्षानळी, म्हणजे हवेतला दमटपणा हे कारणच नाही? मी तर सुरुवातच तिथून केलीय.

परीक्षानळी

भातात पाणी आधीच भरपूर आहे, हवेतून आणखी घ्यायची त्याला गरज नाही. दमट हवा त्रास देते ती वेगळ्या वाटेने. कोरड्या हवेत उघड्या भातातून वाफ भराभर निघून जाते आणि तो लवकर निवतो. पावसात तेवढी वाफ निघत नाही. त्यात चुलीची ऊब, बंद खिडक्या आणि वर घट्ट झाकण. घरात रात्री २६-२७ अंश असतात, म्हणजे थंडीसारखा टोप गार पडून बाईला वाचवत नाही.

एकदा घरच्या कार्याला उरलेल्या भातात तापमापकाचा काटा लावून बघितला होता. साधारण पाच किलो तांदळाचा भात, खोल टोपात, झाकलेला. रात्री नऊला मध्यभागी ९२ अंश, एक वाजता ६१, सकाळी सहाला ४३. वरचा थर हाताला गार लागत होता. म्हणजे पहाटेचे तीन-चार तास टोपाचा मधला भाग जंतूंना हव्या त्या उबेत होता, आणि कडेचा भाग तर त्याच्याही आधीपासून.

पाणंद

मी आशा म्हणून काम करते, शेजारच्या तालुक्यात. गेल्या लावणीला आमच्याकडे जे झालं ते सांगते. एका घरी सामुदायिक लावणी होती. पंचवीस-तीस माणसं. सकाळी गडबड नको म्हणून घरधनीणबाईने रात्रीच भात करून टोप चुलीशेजारी झाकून ठेवला. सकाळी कांदा-मिरचीची फोडणी देऊन आठच्या सुमाराला मळ्यात नेला. दहा वाजेपर्यंत आवणातच एकेकीला मळमळ, उलट्या. घरी राहिलेल्या दोन पोरांनी तोच भात खाल्ला होता, त्यांनाही. दोन म्हाताऱ्यांना दात नाहीत म्हणून त्यांनी फक्त चहात भाकरी बुडवून खाल्ली, त्या ठणठणीत. ताप कुणालाच नव्हता. संध्याकाळपर्यंत बहुतेक जणी बऱ्या झाल्या, एका पोराला सलाईन लागलं.

गावात बोलणं काय, तर विहिरीचं पाणी. पाण्याचे नमुने गेले. भाताबद्दल कुणी बोललंच नाही, कारण भात "ताजा परतलेला" होता.

परीक्षानळी

पाणंद ताई, ही हकिगत तुम्ही मोजून सांगावी तशी सांगितली आहे. खाल्ल्यापासून दोन तास, उलट्या जास्त, ताप नाही, दिवसभरात उतार, आणि भाकरी खाणारे वाचले. पाण्याने झालं असतं तर सगळ्यांचं एकाच वेळी सुरू झालं नसतं आणि भाकरीवाल्या म्हाताऱ्याही सुटल्या नसत्या, पाणी त्याही पितात. संशय आधी तयार विषावर जातो.

एक विचारतो, भात हाताने मोकळा केला होता का?

पाणंद

हो. फोडणीआधी गुठळ्या हातानेच मोडल्या. आणि हाताला चिखल्या होत्या, बोटांच्या बेचक्यांत पिकलेल्या. लावणीत कुणाला नसतात?

परीक्षानळी

मग खात्रीने सांगता येत नाही. पिकलेल्या जखमेत दुसरा एक जंतू असतो, तोही अन्नात विष सोडतो आणि तेही उकळून जात नाही. त्याच्याही उलट्या एक ते सहा तासांतच. पण गुठळ्या सकाळी मोडल्या आणि भात लगेच परतून तासाभरात खाल्ला असेल, तर त्याला विष करायला वेळच कमी मिळाला. रात्री कुणी त्या भातात हात घातला होता का हे आता कळणार नाही. भाताचा नमुना तपासला असता तर कळलं असतं. भाषणात दोन्ही सांगा : पिकलेल्या हाताच्या बाईने त्या दिवशी शिजलेल्या अन्नाला हात लावायचा नाही, वाढायचं काम दुसरीने करायचं.

बंदरकर

मान्य, भाताचं नवीन कळलं. पण मग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिळा भात खाल्ला जातोय त्याचं काय? रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी ताक-मीठ-कांदा लावून खाणारी माणसं नव्वदीपर्यंत जगली. हे सगळं शास्त्र फ्रिजवाल्यांच्या सोयीचं वाटतं.

माजघर

बंदरकर, पाण्यातला भात आणि टोपात झाकून ठेवलेला भात ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी सासू रात्री जेवणं झाल्यावर उरलेला भात मातीच्या मडक्यात काढायची, बुडून वर चार बोटं येईल इतकं गार पाणी घालायची. मडकं मोरीजवळच्या गार कोपऱ्यात. उरलेला भात म्हणजे तरी किती, दोन वाडगे. सकाळी त्याला किंचित आंबूस चव यायची. ती चव आली नाही तर सासू तो खाऊ देत नसे. पाच किलोच्या टोपाला हे कुणी करत नव्हतं.

परीक्षानळी

माजघर, तुमच्या सासूबाई जे करत होत्या त्यात दोन गोष्टी आपोआप साधत होत्या. गार पाण्याने थोडा भात लगेच निवत होता, आणि रोजच्या मडक्यातले आंबवणारे जंतू आम्ल तयार करून दुसऱ्यांना वाढू देत नव्हते. पण पहिल्या काही तासांत, आंबटपणा चढायच्या आधी, कोण पुढे जाईल याची हमी मी देऊ शकत नाही. आंबूसपणा जिभेला लागला म्हणजे पुरेसा झाला, असंही म्हणता येत नाही. ज्यांच्या घरात हे रोज चालतं त्यांना मी बंद करा म्हणणार नाही. लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस यांना मात्र देणार नाही. आणि नव्याने कुणाला शिकवणारही नाही.

माजघर

आमच्याकडे बाळंतिणीला तसाही देत नसत. पण मुलांना देत, आणि मी तोच खाऊन मोठी झाले. तुमचं माझं इथे जुळणार नाही.

घाटमाथा

सगळे भातावर घसरलेत. आमच्याकडे वरच्या भागात भाकरीच. पावसात भाकरीचं काय होतं ते सांगू का? गरम भाकऱ्या एकावर एक रचून स्टीलच्या डब्यात बंद केल्या की झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब लोंबतात. सकाळी मधली भाकरी चिकट, दुसऱ्या दिवशी कडेला बुरशी. आता भाकरी तव्यावरून उतरली की पाटीत उभी टेकवून ठेवतो, पूर्ण निवल्यावर कोरड्या फडक्यात. तीच भाकरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडक राहते पण बिघडत नाही.

फडकं कोरडं हवं ही पावसात खरी अडचण. वाळतच नाही. चुलीवरच्या दोरीवर टाकावं लागतं.

परीक्षानळी

घाटमाथा यांनी लावणीच्या सकाळचं उत्तरच दिलंय. रात्री करून सकाळी न्यायचंच असेल तर भाकरी न्या, भात नको. पातळ असल्याने ती पाच-दहा मिनिटांत निवते. जोडीला सुकी लसणीची चटणी, कांदा, सुकट भाजून. ओल्या खोबऱ्याची चटणी रात्री वाटू नका, ती सकाळी वाटा.

कातळावरची

इथे खरी अडचण सांगते. मी "भात सकाळी करा" म्हटलं की समोरून उत्तर येणार, "म्हणजे पहाटे साडेतीनला उठायचं कुणी?" तीस माणसांच्या भाकऱ्या रात्री थापायच्या म्हणजेही तीच बाई. दिवसभर कमरेतून वाकलेली.

पाणंद

हेच. आमच्या घरधनीणबाईने आळसाने रात्री भात केला नव्हता. तिला सकाळी स्वतःलाही आवणात उतरायचं होतं.

बंदरकर

पुरुषांनी चूल पेटवावी की. एवढं काय.

पाणंद

बंदरकर दादा, बैठकीला याल का बोलायला?

माजघर

आमच्या वाडीत यावर एक तोड निघाली आहे. ज्या घरची लावणी त्या घरच्या बाईने सकाळचं जेवण करायचं नाही. दोन घरं सकाळचा भात आणि आमटी आपापल्या चुलीवर करतात आणि ताजी गरम घेऊन येतात. पुढच्या दिवशी उलट. अडीच-अडीच किलोचे दोन टोप लवकर शिजतातही. पण आमची वाडी लहान आणि सगळी एकमेकांची. तुमच्याकडे जमेल का माहीत नाही.

परीक्षानळी

आणि भात उरलाच, किंवा रात्री करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर टोपात ठेवू नका एवढं पटवा. जेवणं आटोपली की उरलेला भात लगेच दोन-तीन परातींत काढायचा. थर दोन बोटांपेक्षा जाड नको. वर जाळी, घट्ट झाकण नाही. डावाने एकदोनदा वरखाली. तासाभरात तो खोलीइतका गार होतो. फ्रिज चालू असेल तर मग लहान डब्यांत भरून आत. फ्रिज नसेल तर परातीतला भातही रात्रभर टिकतो असं समजू नका. २७ अंशातही जंतू वाढतात. शिजल्यापासून दोन तासांत खाल्ला नाही किंवा फ्रिजमध्ये गेला नाही, तर तो भात माणसांचा राहिला नाही.

आमटी-उसळीला वेगळी वाट आहे. चुलीतले निखारे पुढे ओढून टोप वैलावर ठेवा, सतत वाफ निघत राहिली पाहिजे. बोट क्षणभरही टेकवत नाही इतकी गरम असेल तोवर काही वाढत नाही. कोमट झाली की घड्याळ सुरू. पण रात्रभर निखारा कोण राखणार, म्हणून हे दुपारच्या आमटीला रात्रीपर्यंत ठीक.

उन्हाळी_कामं

पापड टाकले. पण एक विचारू? आमच्याकडे गणपतीत दीडशे माणसांचा मसालेभात होतो, सकाळी अकराला तयार आणि पंगत दोनला बसते. तोपर्यंत मोठ्या पातेल्यात झाकूनच असतो.

परीक्षानळी

हा प्रश्न धाग्याचाच आहे! तीन तास झाकून ठेवलेलं मोठं पातेलं मध्ये चांगलं गरम राहतं, ६० अंशांच्या वर, तो धोका कमी. गोंधळ होतो तो पंगत उठल्यावर, उरलेला भात प्रसाद म्हणून पिशव्यांत भरून घरोघरी जातो आणि रात्री खाल्ला जातो तेव्हा. पंगत संपली की वाटून टाका, घेणाऱ्याला सांगा, घरी गेल्या गेल्या खा.

कातळावरची

नवा खर्डा. बोलायच्या भाषेत लिहिलाय, तसाच वाचा.

"बायांनो, आज हात धुवा आणि पाणी उकळा हे सांगणार नाही, ते तुम्हाला येतं. आज फक्त भाताच्या टोपाबद्दल बोलणार.

रात्री नऊला झाकलेल्या मोठ्या टोपात सकाळी हात घाला. वरून गार, मध्ये अजून कोमट. त्या कोमट भातात रात्रभर विष तयार होतं. सकाळी तुम्ही कितीही कडक फोडणी द्या, विष जात नाही. वास येत नाही, तार येत नाही. आमटी परत उकळली तर बहुतेक वेळा चालते, भात चालत नाही. एवढा एकच फरक लक्षात ठेवा.

म्हणून लावणीच्या सकाळी मळ्यात रात्रीचा भात न्यायचा नाही. रात्री करायचंच तर भाकरी करा, उभी टेकवून निववा, मग फडक्यात बांधा. भात हवाच असेल तर तो सकाळी, आणि ज्या घरची लावणी तिथे नाही, शेजारच्या दोन चुलींवर. कुणाच्या चुली, ते आज इथेच ठरवून उठू.

भात उरला तर टोपातून परातीत, दोन बोटं थर. फ्रिज असेल तर तासाभरात आत, नसेल तर गुरांना. ज्यांच्या हाताला पिकलेल्या चिखल्या आहेत त्यांनी वाढायचं नाही, बसून जेवायचं.

आणि कुणाला उलट्या लागल्याच, तर आशाताईंकडे ओआरएसची पुडी मागा, एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच. घोट घोट द्या. पोर पाणीही ठेवत नसेल, लघवी बंद झाली असेल, शौचात रक्त दिसलं, तर घरी बसू नका. आणि उरलेला भात टाकून देऊ नका, झाकून बाजूला ठेवा, दवाखान्यात दाखवायला."

पाणंद

शेवटचं वाक्य ठेवाच. आमच्याकडे भात आधी कुत्र्याला घातला आणि मग पाण्याचे नमुने घेतले. पुडीच्या वाक्याला मात्र एक जोडा, पुडीवर किती पाणी लिहिलंय ते वाचा. बाजारात २०० मिलीच्या बारक्या पुड्याही मिळतात, ती एक लिटरमध्ये टाकली तर उपयोग नाही.

घाटमाथा

"गुरांना" म्हणताय, पण दुभत्या म्हशीला खूप भात घातला की तिचंही पोट बिघडतं. शिळा असो की ताजा. मूठ-दोन मूठ ठीक.

माजघर

मडक्यातल्या भाताबद्दल काहीच घातलं नाहीत? म्हाताऱ्या विचारणारच.

कातळावरची

घातलं नाही. विचारलं तर सांगेन की टोपातल्या भातावर पाणी ओतून तो मडक्यातला होत नाही. पुढचं तुमचं नि परीक्षानळींचं मिटलं की कळवा.

पुडीचं जोडते. माजघर, दोन घरांच्या पाळीचं एक सांगा, तांदूळ कुणाचा? लावणीवाल्या घराने द्यायचा की रांधणाऱ्याने? इथे पहिलं भांडण त्यावरच होणार.

माजघर

तांदूळ आणि डाळ लावणीवाल्याची, आदल्या संध्याकाळी मोजून पोचवायची. लाकडं रांधणाऱ्याची. त्यावरही पहिल्या वर्षी कुरबूर झाली होती, कारण ओली लाकडं पेटत नाहीत आणि सुकी कुणी सोडत नाही.